रांगेतली थरथर

मे महिन्यात मालवणच्या बाजारपेठेत आणि तारकर्लीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली की माझ्या कुडाळच्या गॅरेजात एकच तक्रार येते. डबल क्लचची ऑटोमॅटिक गाडी रांगेत सरकताना थरथरते, हायवेला लागली की काहीच नाही.

पूर्वी हे मी तळहाताने ओळखायचो. गिअरच्या दांड्यावर हात ठेवायचा, ब्रेक अलगद सोडायचा, की थरथरीचा माग लागायचा. मधुमेहाने आता बोटं बधिर झालीत आणि ते काम हाताखालचा पोरगा करतो. मला ते जड गेलं. लॅपटॉप जोडायच्या आधी रोग सांगायचा आणि मग भोवतालच्यांचे चेहरे बघायचे, याची मला चटक होती. अजून आहे.

यंदा पुण्याहून आलेली एक गाडी आमच्याकडे चार दिवस होती. सात गिअर, कोरडा क्लच, सत्तर हजारांच्या आसपास धाव. पुण्यात कुणीतरी लॅपटॉपवर जुनी शिकवण पुसून अ‍ॅडाप्टेशन नव्याने करून दिलं होतं. आठवडाभर गाडी गुळगुळीत चालली आणि मालवणच्या गर्दीत पुन्हा दणके देऊ लागली. पोरगा स्क्रीन बघून म्हणाला, "अण्णा, आकडे बरोबर दिसतत. मगे थरथरता कित्या?"

त्याला म्हटलं, चढावर घे आणि रिव्हर्स टाक. या गिअरबॉक्समध्ये एक, तीन, पाच, सात हे गिअर पहिल्या क्लचवर असतात. दोन, चार, सहा आणि रिव्हर्स दुसऱ्यावर. इंजिनचं माउंटिंग गेलं असतं किंवा इंजिन मिसफायर करत असतं, तर गाडी दोन्हीकडे हलली असती. ही रिव्हर्समध्ये शांतपणे चढली आणि पहिल्यात, तेही गरम झाल्यावर, दाताखाली खडा यावा तशी अडखळली. म्हणजे दोष पहिल्या क्लचचा.

मग आकडे बरोबर कसे? अ‍ॅडाप्टेशन म्हणजे क्लच नेमका कुठे पकड घेऊ लागतो आणि किती दाबला की किती जोर जातो, याची कॉम्प्युटरने ठेवलेली आठवण. लायनिंग झिजलं की दट्ट्याला जास्त सरकावं लागतं, कॉम्प्युटर ते शिकतो आणि सांभाळून घेतो. पण तो शिकतो ती सरासरी. तापून लायनिंग चकाकलं की पकड एकसारखी राहत नाही. एकाच फेऱ्यात कुठे धरतं, कुठे सुटतं. ती धरसोड म्हणजेच थरथर, आणि तिच्यावर सॉफ्टवेअरकडे इलाज नाही. शिकवण पुसली की पकडीची जागा थोडी बदलते, म्हणून काही दिवस बरं वाटतं.

उघडल्यावर तेच दिसलं. लायनिंगची जाडी अजून पुष्कळ होती, पण पृष्ठभाग आरशासारखा चकाकत होता आणि प्रेशर प्लेटवर निळे डाग पडले होते. मालक चढावर ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवत, आणि रांगेत पुढची गाडी वीतभर हलली की तेवढंच सरकत. क्लच सतत अर्धवट धरलेला. झीज मोजणारा आकडा ही भाजणूक दाखवत नाही.

तेलाबद्दल मात्र मला राग येतो. अशा गाडीचं गिअर ऑइल बदलून थरथर घालवतो म्हणणारे आमच्या पट्ट्यातही आहेत. कोरड्या क्लचला ते तेल लागतच नाही. शाफ्टचं सील गळून लागलंच, तर तो क्लच बाद. २०१३ साली फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या सात गिअरच्या बॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल भरायला घेतलं, त्याचा दाखला हे लोक देतात. ते दमट, उष्ण हवेत होणाऱ्या विजेच्या बिघाडासाठी होतं. ओल्या क्लचचा सहा गिअरचा बॉक्स असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्लेटा तेलातच फिरतात, तेल म्हातारं झालं की पकड बिघडते. साठ हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर दोन्ही बदलायचं, आणि पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून, तेल ३५ ते ४५ अंशांवर असताना. थंड तेलावर पातळी बघितली तर हिशेब चुकतो. काढलेल्या तेलाला जळका वास असेल, तर नुसत्या नव्या तेलावर भरवसा ठेवू नये.

पुण्याच्या गाडीला पूर्ण क्लच पॅक नवा घातला. दोन्ही बेअरिंगांची उंची मोजून शिम निवडायचं काम पोराने केलं. मी मागे उभा राहून प्रत्येक माप पुन्हा घ्यायला लावलं, कारण इथे चूक झाली तर नवा क्लचही पहिल्या दिवसापासून थरथरतो. मग अ‍ॅडाप्टेशन, आणि कसालपर्यंत चाचणीची फेरी. परतल्यावर पोराने रिव्हर्सची युक्ती मालकांना स्वतःची असल्यासारखी समजावून सांगितली. मला ते झोंबलं, पण मी मधे बोललो नाही.