प्रगतिपत्रकातली दीड ओळ

सहामाही परीक्षा संपली, उत्तरपत्रिका तपासून झाल्या की दिवाळीच्या सुट्टीआधी शिक्षकांचं खरं किचकट काम सुरू होतं, ते म्हणजे वर्णनात्मक नोंदी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. 2010 साली राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रगतिपत्रकावर श्रेणीच्या जोडीला ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने आले. रकाना एवढासा, लहान अक्षर काढलं तरी दीड-दोन ओळी मावतात.

या दीड ओळीसाठी तयार नोंदींच्या याद्या बाजारात मिळतात, आणि आता तर शिक्षकांच्या ग्रुपवर फुकट फिरतात. ‘परिपाठात सहभाग घेतो’, ‘स्वाध्याय वेळेवर पूर्ण करतो’, ‘गणितातील क्रिया अचूक करतो’. त्यातली कुठलीही नोंद कुठल्याही मुलापुढे लिहा, खोटी ठरत नाही आणि खरीही ठरत नाही. यादी वापरणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. जनगणनेपासून पोषण आहाराच्या हिशेबापर्यंत सगळं सांभाळून नोंदी लिहायच्या असतात. पण पालकाला त्या ओळीतून काय कळतं, हा प्रश्न उरतोच.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचं गणित सांगते. श्रेणी ब-2, म्हणजे 61 ते 70 टक्क्यांमधली. वाईट नाही, चांगलीही म्हणता येत नाही. यादीप्रमाणे तिच्यापुढे ‘वजाबाकीचा सराव आवश्यक’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. मी तिची वर्गकार्याची वही घेऊन बसले. 72 − 38 बरोबर. 431 − 216 बरोबर. 640 − 225, इथे एककात शून्य आहे, तरी बरोबर. मग 503 − 107 आणि उत्तर 306. खाली 602 − 205, उत्तर 307. खरी उत्तरं 396 आणि 397. दोन्हीकडे चूक नेमकी 90 ची. धांदरटपणाची चूक अशी एकसारखी येत नाही. हिचा काहीतरी नेम ठरलेला होता.

तिला जवळ बसवून म्हटलं, मोठ्यानं बोलत कर बघू. ती म्हणाली, “तीनातनं सात जात न्हाईत. शून्याकडं मागायला गेलं तर त्याच्याकडंच काही न्हाई. मग पाचाकडनं घेतलं.” पाचाचे चार झाले, तीनाचे तेरा झाले, आणि मधला शून्य होता तिथेच राहिला. शतकाकडून शंभर घेतले, एककाला दहा दिले. उरलेले नव्वद दशकाच्या घरात ठेवायचे असतात हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. हातचा घेणं तिला नीट येत होतं. मधे शून्य आला की तेवढं अडत होतं.

अशा मुलीला घरी ‘सराव’ सांगितला तर काय होतं? आई किंवा भाऊ पाटीवर वीस वजाबाक्या घालतात. मधे शून्य नसला तर वीसही बरोबर येतात आणि घरचे म्हणतात, बाईंनी उगीच लिहिलंय. शून्य असलाच तर ती चूकच वीस वेळा घोटून पक्की होते.

तिची आई बाजारात भाजी विकते. नोट मोडणं हे तिचं रोजचं काम. म्हणून मी रकान्यात लिहिलं: ‘हातच्याची वजाबाकी येते. मधे शून्य असेल तर चुकते (503 − 107). घरी शंभराची नोट दहा-दहाच्या नोटांत मोडून, त्यातली एक नोट सुटी करून दाखवावी.’ पालकसभेत आईनं लेकीकडून हे वाचून घेतलं आणि तिथल्या तिथे तिला विचारलं, “शंभरातलं दहा दिलंस, मग नव्वद कुणाला दिलंस गं?” मी आठवडाभर फळ्यावर जे समजावत होते, ते या एका प्रश्नात आलं.

आईनं लेकीकडून वाचून घेतलं, हे मुद्दाम सांगितलं. आमच्याकडे अनेक घरांत प्रगतिपत्रक पालकांना वाचून दाखवतं ते मूलच, नाहीतर त्याचं थोरलं भावंड. ‘अभ्यासात लक्ष नाही’ असं लिहिलं, तर त्या मुलानं ते स्वतःच्या तोंडानं सगळ्यांसमोर वाचायचं असतं. मूल कसं आहे हे मी त्या रकान्यात लिहीत नाही. त्यानं काय केलं आणि कुठे अडलं, एवढंच लिहिते. याच कारणानं ‘हुशार आहे’ हेही लिहीत नाही. त्यावर घरच्यांनी करायचं तरी काय?

त्याच वर्गातल्या एका मुलाच्या बाबतीत खरं लिहिणं जास्त अवघड होतं. वडील ठामपणे सांगायचे, घरी पुस्तक खडाखडा वाचतो. आणि तो वाचायचाही. एकदा तो वाचत असताना मी त्याच्या पुस्तकाचं पान हातानं झाकलं, तर तो पुढे म्हणतच राहिला. धडा पाठ होता. ही गोष्ट पकडायला न पाहिलेला उतारा द्यावा लागतो, किंवा धड्याच्या मधल्याच ओळीवर बोट ठेवून ‘इथून वाच’ म्हणावं लागतं. नवा उतारा तो एकेक अक्षर लावत वाचायचा आणि जोडाक्षर आलं की थांबायचा. आठवीपर्यंत बहुतेक इयत्तांत मूल पुढच्या वर्गात जातंच, त्यामुळे हे कुणी लिहिलं नाही तर वर्षानुवर्षं झाकून राहू शकतं.

त्याची नोंद लिहिताना मला वेळ लागला. खरं ते लिहायचं होतं, आणि ते घरी त्यालाच वाचायला लागणार होतं. शेवटी लिहिलं ते असं: ‘वेलांटी, उकार ओळखून नवा मजकूर हळूहळू वाचतो. रस्ता, पुस्तक, चष्मा येथे अडतो. रोज घरी नवीन चार ओळी वाचायला लावा.’ तीन शब्द सोडले तर यात एकही जोडाक्षर नाही. वडिलांसमोर तो वाचत गेला आणि नेमका त्याच तीन शब्दांवर अडला. नोंद खरी आहे हे वडिलांना पटवायला मला एक शब्दही बोलावा लागला नाही. पहिलं वाक्य त्यांना गोड लागावं म्हणून घातलेलं नव्हतं. जूनमध्ये त्याला वेलांटीही ओळखता येत नव्हती, हे माझ्या निरीक्षण नोंदवहीत तारखेसह आहे.

ती नोंदवही नसेल तर हे सगळं बोलणं फुकट. वर्गातली वरची चार आणि खालची चार मुलं सगळ्यांनाच आठवतात. मधल्या मुलांपाशी पेन थांबतं आणि हात तयार यादीकडे जातो. म्हणून मी सप्टेंबरातच हजेरीपट बंद ठेवून मुलांची नावं आठवणीनं लिहून काढते. जी नावं शेवटी येतात किंवा राहून जातात, त्यांच्याजवळ पुढच्या दिवसांत बसते. त्यांची वही बघते, एक गणित बोलत करायला लावते आणि दोन शब्द टिपते. सगळ्या मुलांना सगळ्या विषयांत असं बघणं होत नाही. एका मुलाच्या एका विषयातली एक गोष्ट नेमकी लिहिली गेली, तरी बाकीच्या रकान्यांत साधी नोंद चालते, असं माझं मत आहे. केंद्रप्रमुखांचं वेगळं असू शकेल.

1 मेच्या निकालाला त्या मुलीच्या पत्रकावर लिहिलं: ‘मधे एक शून्य असलेली वजाबाकी आता बरोबर करते. ओळीनं दोन शून्यं आली (600 − 248) की अजून थांबते.’ ही ओळ आईसाठी होती, आणि जूनमध्ये तिला चौथीला घेणाऱ्या गुरुजींसाठीही.