एका हातातल्या बांगड्या

जुन्या फोटोवरून कथा लिहायची तर आधी त्याचा काळ पक्का करावा, म्हणजे माणसं आपोआप उभी राहतात, असं मी बरीच वर्षं ठासून सांगत असे. रद्दीतल्या पंचांगात सापडलेल्या एका फोटोने ते मत बदललं. मागे पेन्सिलीने फक्त ‘खानवेल, जत्रा’ लिहिलेलं. मधोमध ढोलवाला, भोवती फेर धरलेली माणसं.

खानवेल म्हटल्यावर मला १९५४ सुचणारच. २ ऑगस्टला सिल्व्हासा मुक्त झालं, त्या मोहिमेत सुधीर फडकेही होते, आणि पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो शिपायांसह खानवेलच्या बाजूला सरकला. मुक्तीआधीची शेवटची जत्रा, असं मी ठरवूनच टाकलं. खर्डा फर्डा झाला. मग भिंग घेऊन बसलो, तर कडेच्या एका पोराच्या खांद्याला ट्रान्झिस्टर! खेड्यात तो आला साठच्या दशकात. खर्डा बाद.

आता बघायला फोटोच उरला. ढोलवाल्याकडे सगळेच बघतात, म्हणून मी कडा बघू लागलो. मागचे साग निष्पर्ण, सावल्या पायाशी गोळा झालेल्या. म्हणजे पावसाळ्याला अवकाश, आणि वेळ भर दुपारची. तरीही एका माणसाने छत्री मिटूनच धरलेली. मुठीवरचा कागदसुद्धा उतरलेला नाही, म्हणजे नवी कोरी. त्याच्या शेजारी कासारापुढे बसलेल्या बाईचा एक हात काचेच्या बांगड्यांनी भरलेला, दुसरा मोकळा.

दुसरा हात भरायचा असेल की, असं एका मैत्रिणीने सुचवलं. शंका रास्त होती, कारण फोटो म्हणजे एक क्षण. पण कासार पुढच्या मुलीकडे वळलाय, त्याच्या बोटांत तिचं मनगट आहे. या बाईचं काम संपलंय.

पैसे एकच गोष्ट पुरी घ्यायला पुरले, एवढीच माझी कथा. छत्री किंवा बांगडी यातली एकटी वस्तू मला काहीच सांगत नव्हती. दोन्ही एकमेकींच्या आड आल्या तेव्हा कथा सुरू झाली. ढोल, ट्रान्झिस्टर, साग हे सगळं मी कथेतून काढलं. काळ आणि वेळ माझ्यापुरती ठरवायला ते हवं होतं, वाचकाला नको. ती दोघं नवरा-बायको आहेत, हे मात्र फोटोत कुठेच नाही. ते माझ्या पदरचं.

छत्री घ्यायचं ठरवलं कोणी, हा खरा पेच होता. आधी मी ते त्याच्यावर टाकलं. त्यामुळे तो आपमतलबी झाला आणि ती बिचारी. कथा तिथेच बसली. मग निर्णय तिला दिला. त्याला सिल्व्हाशात कचेरीतल्या शिपायाची नोकरी लागलीय. शेतात इरलं चालतं, पण साहेबासमोर इरल्यातून ठिबकत उभं राहायचं, हे तिला पटत नाही. कासार दुसरा हात मागतो तेव्हा ती म्हणते, “एवढंच.” नवरा घासाघीस करायला पुढे होतो, तर त्यालाच गप्प करते.