टोळीवरून आल्यावर

केजहून धारूरकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन खुर्च्यांचं एक सलून आहे. आरशाच्या कोपऱ्यात वहीचा फाडलेला कागद चिकटवलेला, त्यावर निळ्या पेनाने लिहिलेलं: ‘दसऱ्याला दुकानाला वर्ष झालं. तुम्ही आलात म्हणून दुकान टिकलं. आभारी आहे. या वर्षात एकदा तरी आलेल्या गिऱ्हाइकाला कटिंगवर दाढी फुकट, एकदाच. रविवार आणि बाजारचा दिवस सोडून, दिवाळीपर्यंत. टोळीवर गेलेल्यांना आल्यावर, अक्षय तृतीयेपर्यंत.’

गळ्याला कापड बांधलेलं असताना माणसाला समोरचं वाचण्यापलीकडे काही करता येत नाही. मी ते शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. वर्धापनदिनाच्या सवलती मी पुष्कळ पाहिल्यात. ‘मर्यादित कालावधीसाठी’ ही त्यांची आवडती धमकी असते. टोळीसाठी मुदत लांबवणारी सवलत मात्र बीड जिल्ह्यातच सुचू शकते. दसरा झाला की इथली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी बिऱ्हाड बांधतात आणि सांगली, कोल्हापूरकडे, नाहीतर थेट कर्नाटकात ऊस तोडायला जातात. ती परततात कारखान्याचा पट्टा पडल्यावर, उन्हं तापायला लागली की. दसऱ्याला उघडलेल्या दुकानाचं वर्ष नेमकं गिऱ्हाईक गाडीत बसत असतानाच भरतं.

“काका, निम्मी वही टोळीवर गेलीय,” दुकानदार म्हणाला. “आठ दिवसांची ऑफर लावली तर ती कुणाला? जे गेलेच नाहीत त्यांना.”

वही म्हणजे खरोखरची वही. नाव, गाव, फोन नंबर. आधी त्याने हाच मजकूर व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट करून पाठवला होता. पुष्कळ नावांपुढे एकच टिक राहिली. ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह नाही त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही, हे त्याला नंतर कुणीतरी सांगितलं. आणि न्हाव्याचा नंबर सेव्ह करतो कोण? म्हणून कागद.

आमच्या आजोळी मात्र न्हाव्याने गावाचे आभार मानायचे, ही कल्पनाच कुणाला कळली नसती. तिथले न्हावी मामा काखेत धोकटी मारून सकाळी ओट्यावर येत. धोकटी म्हणजे कातड्याची पिशवी. तिच्यातून वस्तरा, कात्री, नखं काढायची नरणी, पाण्याची वाटी आणि तुरटीचा खडा एकामागून एक निघे. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा चार वेळा या अंगाने, चार वेळा त्या अंगाने फिरायचा आणि त्याचा चट् चट् आवाज ऐकून आम्ही पोरं पळायचो. साबणबिबण काही नाही. वाटीतलं पाणी हनुवटीला चोळत राहायचं, केस मऊ पडेपर्यंत. मामांचा अंगठा इतका जोरात फिरायचा की दाढीपेक्षा ते चोळणंच लक्षात राहायचं. पैशाचं नाव नाही. हिशेब वर्षाचा, आणि तो सुगीला खळ्यावर व्हायचा. ज्वारीची रास पडली की मामा घोंगडीचा कोपरा पसरून उभे राहत आणि घरात दाढी येणारी माणसं किती ते बघून आजोबा दाणे घालत. पीक बरं असेल तर हात सैल, नाहीतर ‘यंदा पाऊसच नाही’ हे वाक्य. ते वाक्य मामांनाही पाठ होतं, कारण त्याच पावसावर त्यांचंही पोट होतं. सणाला ते आरसा दाखवायला येत, लग्नात नवरदेवाची दाढी करत आणि आवतण सांगत घरोघर फिरत.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहून ही बलुत्याची व्यवस्था तपशिलात मांडली. तिच्याविषयी हळवं होऊन बोलणारे पाहिले की मला चिडल्यासारखं होतं. मामांना खळ्यावर उभं राहावं लागायचं, हे एक. दुसरं जास्त वाईट. त्या धोकटीतला वस्तरा गावातल्या काही वस्त्यांवर कधीच गेला नाही, आणि त्या वस्त्यांतल्या माणसांना ओट्यावर बसायची सोय नव्हती. बाजारच्या गावात खुर्ची टाकून, दर भिंतीला लावून बसलेला माणूस आला तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कुणालाही ओळख न देता हजामत करून घेता आली. वहीत नाव, गाव आणि नंबर एवढंच लिहिलं जातं. चौथा रकाना नाही, हे मला आवडतं.

तर दाढी फुकट. मी म्हटलं, सरळ वीस टक्के कमी का नाही केलेस? त्याने माझं डोकं पुढे दाबलं आणि हिशेब सांगितला. कटिंग ऐंशी, दाढी चाळीस. वीस टक्के सोडले तर रविवारी येणारच होतं ते गिऱ्हाईकही सोळा रुपये कमी देणार, आणि ते सोळा गल्ल्यातून रोख जाणार. दाढीला मात्र त्याच्या खिशातून जातं ते अर्धं पातं आणि थोडा फेस, म्हणजे चार-पाच रुपये. बाकीचा खर्च वेळेचा. रविवारी आणि बाजारच्या दिवशी बाकड्यावर माणसं ताटकळत असतात. तेव्हा दाढीची दहा मिनिटं म्हणजे उठून गेलेलं एक गिऱ्हाईक. बुधवारी दुपारी त्याच दहा मिनिटांत तो नाहीतरी मोबाइलच बघत बसलेला असतो. वहीतले दीडशे जण आले तरी खरा खर्च सात-आठशेच्या आत. शिवाय कटिंगचा दर ऐंशीचा ऐंशीच राहतो. एकदा साठ-पासष्टला केलेली कटिंग पुढच्या महिन्यात ऐंशीला करायला गेलं की गिऱ्हाइकाला वाटतं, याने भाव वाढवला. शेजारच्या गावात एकाने आधी दर शंभर केला आणि मग त्यावर सूट लावली. लोकांनी आठ दिवसांत ओळखलं. डोक्याचे पैसे मोजताना माणूस फार जागा असतो.

तुरटी लावताना मी विचारलं, तिकडे टोळीत लोक काय करतात? एखाद्याकडे मशीन असतं, म्हणाला. कोपीसमोर दगडावर बसून एकमेकांचे काढतात. परत आले की मागून पायऱ्या पायऱ्या दिसतात, त्या निस्तरायला तास जातो. “तेव्हा दाढी फुकट दिली काय, नाही काय, सारखंच,” असं म्हणून त्याने आरसा माझ्या मागे धरला.

उसाच्या व्यवहारात नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात. मुकादमाची उचल कोयत्यामागे ठरते. या कागदावरची दाढी अर्थातच अर्ध्या कोयत्याला लागू आहे. त्याच ओळीत पुढे पडदा लावलेलं एक ब्यूटी पार्लर आहे, तेही नवंच. चालवणाऱ्या ताईंनी ते संक्रांतीला उघडलं, कारण हळदीकुंकवाच्या दिवसांत आयब्रोला गर्दी असते. त्यांचं वर्ष भरेल तेव्हा त्या काय लिहितात, ते मला वाचायचंय. तिळगुळाच्या वेळेला त्यांच्या वहीतल्या बायका उसाच्या फडात मोळ्या बांधत असतील, आणि आयब्रोची मुदत अक्षय तृतीयेपर्यंत ठेवायची की नाही हे त्यांना आत्तापासूनच ठरवावं लागेल. मी दुकानदाराला म्हटलं, त्यांना तुझा कागद दाखव. तो म्हणाला, दाखवला. त्यांनी आधी शुद्धलेखन दुरुस्त करून दिलं.