पत्त्याचा दुसरा वाचक

आमच्या सिद्धगडाच्या खोऱ्यात पत्ता सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. मु. अमुक, पो. तमुक, ता. मुरबाड, जि. ठाणे. ‘मुक्काम पोस्ट’ हे शब्द आपण एका दमात म्हणतो, म्हणून ती एकच गोष्ट वाटते. वास्तविक ‘मु.’ म्हणजे माणूस राहतो तो पाडा आणि ‘पो.’ म्हणजे त्याची डाक जिथे उतरते ते गाव. या दोहोंमधले अंतर पोस्टमनच्या ओळखीवर कापले जाते. अमक्याचा धाकटा, तमकीचा जावई, एवढ्यावर टपाल घरी येते.

शहरात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलामुलींना घरून नाचणीचे पीठ, लोणचे, एखादे स्वेटर पाठवायचे असते, तेव्हा हीच ओळख तुटते. सुट्टीत मी गावी असले की पार्सलांवर पत्ते लिहून देण्याचे काम माझ्याकडे येते. त्यातून मला एक गोष्ट कळली. वसतिगृहाच्या पत्त्याला दोन वाचक असतात. पहिला पार्सल फाटकापर्यंत आणतो आणि दुसरा ते फाटकापासून खोलीपर्यंत नेतो. आपण सारा पत्ता पहिल्यासाठी लिहितो आणि पार्सल हरवते ते बहुधा दुसऱ्याच्या हाती.

पहिल्या वाचकाची सोय पूर्वीच झालेली आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, हे मराठी माणसाने लक्षात ठेवावे असे आहे. सारख्या नावांची गावे आणि निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते यांच्या घोळावर त्यांनी आकड्यांचा उतारा काढला. आपले शहापूर ठाण्यात आहे, पण एक शहापूर बेळगावात आहे आणि एक कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यातही. ४२१६०१ लिहिले की प्रश्न मिटतो. मात्र या सहा आकड्यांची धाव वाटप करणाऱ्या डाकघरापर्यंतच असते. २०२५ मध्ये डाक खात्याने ‘डिजिपिन’ आणला. तो सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचा जमिनीचा तुकडा नेमका दाखवतो. पण तीन मजली वसतिगृहात एकावर एक असलेल्या तिन्ही खाटांचा डिजिपिन एकच येणार. त्याला जागा कळते, माणूस कळत नाही.

फाटकाशी काय होते, हे जुन्या कायद्यातही दिसते. १८९८ च्या डाकघर कायद्यात म्हटले होते की, हॉटेलात उतरलेल्या माणसाची डाक तिथल्या मालकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या हाती दिली, की ती त्या माणसाला पोचली असे समजावे. २०२३ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली आणि तो २०२४ मध्ये अमलात आला. तरी फाटकावरचा व्यवहार पुष्कळसा पूर्वीसारखाच आहे. पहारेकऱ्याने किंवा कार्यालयाने सही केली की नोंदीत ‘पोचले’ असे येते. आईला वाटते मुलाला मिळाले, आणि मुलाला त्याची वार्ताही नसते.

एक उदाहरण सांगते, नावे बदलून. शेजारच्या मावशींनी मला चिठ्ठी दिली : ‘बाळू पवार, होस्टेल, कल्याण.’ मी पहिले विचारले, बाळूचे दाखल्यावरचे नाव काय? ते निघाले ज्ञानेश्वर. वसतिगृहाच्या हजेरीत बाळू नावाचा कोणी नव्हताच. पवार मात्र आमच्याकडे घरोघरी, म्हणून बापाचे नाव मध्ये हवेच. दोन ज्ञानेश्वर पवारांना वेगळे करते ते हेच मधले नाव. मग वर्ग विचारला. खोलीचा क्रमांक लिहावा, पण त्यावर सारा भार टाकू नये, कारण दर वर्षी खोल्या बदलतात. जुन्या खोलीत नवा मुलगा असतो. वर्ग लिहिलेला असला तर चूक लगेच उमगते. त्यानंतर वसतिगृहाच्या फलकावरचे पूर्ण नाव. नुसते ‘होस्टेल’ लिहून भागत नाही, कारण कल्याणात वसतिगृहे अनेक. शेवटी पूर्व की पश्चिम, हे विचारले. पश्चिमेला ४२१३०१ आणि पूर्वेला ४२१३०६ असल्याने इथे चुकले तर पार्सल रुळांच्या भलत्याच बाजूला जाते. पत्ता असा झाला :

ज्ञानेश्वर काळूराम पवार
द्वितीय वर्ष कला, खोली क्र. १४
द्वारा : गृहपाल, (वसतिगृहाचे फलकावरील नाव)
रस्ता व जवळची खूण
कल्याण (पश्चिम), जि. ठाणे ४२१३०१
मोबाईल : मुलाचा

पहिल्या तीन ओळी दुसऱ्या वाचकाच्या, पुढच्या पहिल्याच्या. मोबाईल दोघांच्या उपयोगाचा, पण तासाला बसलेला मुलगा तो उचलणार नाही, हे धरूनच वरच्या ओळी लिहायच्या.

पैसे भरून कुणाच्या घरी राहणाऱ्या मुलीचे निराळेच. तिचे नाव दारावर नसते, सोसायटीच्या पाटीवरही नसते. तिथे पत्त्याचा आधार म्हणजे घरमालक. म्हणून तिच्या नावाखाली ‘द्वारा’ लिहून मालकाचे नाव पाटीवर आहे तसेच उतरवावे. पाटीवर ‘व. रा.’ अशी आद्याक्षरे असतील, तर आपण पूर्ण नाव शोधत बसू नये. पोस्टमन पाटीशी ताडून पाहतो. हा शहाणपणा नवा नाही. गिरणगावात एका खोलीत एकाच गावचे कितीतरी कामगार पाळीपाळीने राहत, तेव्हाही चाळीचे नाव आणि खोलीवाल्याचे ‘मार्फत’ यांच्याच आधाराने गावचे पत्र नेमक्या माणसाला मिळे.

कचेरीत वा कारखान्यात दुसरा वाचक आवक विभागातला कारकून असतो. कंपनीचे नाव सर्वांत वर आले तर तो पुडके कंपनीचे समजून उघडतो. म्हणून माणसाचे नाव आधी, त्याखाली त्याचे खाते, मग कंपनी, आणि कोपऱ्यात ‘खासगी’. लग्न झालेल्या बाईचे माहेरचे नाव घरच्यांच्या तोंडी असते आणि कामावर सासरचे, किंवा नेमके उलट. तेव्हा कामावरच्या ओळखपत्रावर असेल ते नाव लिहावे.

एवढे करूनही पार्सल अडतेच. लोणच्याचे तेल पाझरते आणि शाई फुटते. म्हणून तोच पत्ता चिठ्ठीवर लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पार्सलच्या आतही ठेवावा. पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिताना ‘सिद्धगडाच्या पायथ्याशी’ असे अभिमानाने लिहू नये. २ जानेवारी १९४३ च्या भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्या हौतात्म्याने गडाचे नाव मोठे केले, पण पायथ्याला गावे अनेक आहेत. परत आलेले पार्सल घरी यायला मु. आणि पो. हेच लागते. आणि दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत वसतिगृह रिकामे असते, तेव्हा पाठवू नये. घेणारा कोणी नसेल तर पार्सल पोस्टात ठरलेले दिवस थांबते आणि माघारी फिरते.

‘पोचले’ अशी नोंद दिसूनही मुलाच्या हाती काही नसेल, तर आधी पोस्टाशी भांडायला जाऊ नये. पावतीवरच्या क्रमांकावरून तारीख आणि सही कोणाची ते पाहावे, आणि मुलाला सांगावे की त्या दिवसाचे फाटकावरचे रजिस्टर बघ. बाळूचे पार्सल गृहपालांच्या कपाटावरून त्याच संध्याकाळी त्याच्या हाती आले, कारण वरची दोन नावे हजेरीशी जुळली. नाचणीचे पीठ होते, आणि खोलीतल्या चौघांनी त्याच्या भाकऱ्या खाल्ल्या, असे मावशींना कळवले आहे.