गरम टायरची हवा सोडू नका

मे महिन्यात बोरी अरबहून नाशिकला निघालो. गाडीत आम्ही पाच जण, मागे बॅगा आणि लेकीसाठी तुरीची डाळ, ज्वारी. दारव्हा, कारंजा आणि मग समृद्धी असा रस्ता. तापलेल्या काँक्रीटवरून भरल्या गाडीने जायचं, म्हणून आदल्या संध्याकाळीच ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा तक्ता पाहून ठेवला. त्यात दोन रकाने होते. नेहमीच्या वजनाला चारही टायर २३० किलोपास्कल. पूर्ण वजनाला पुढे २३०, मागे २८०. टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते, तो भरायचा नसतो.

पहाटे टायर थंड असताना स्क्रीनवर चारही चाकांना 230 kPa दिसले. मागे ५० कमी होते. पंपावरचं यंत्र पीएसआय दाखवतं. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, साधारण साडेचौदा पीएसआय. ७ किलोपास्कलला १ पीएसआय धरला की हिशेब तोंडी होतो. २३० म्हणजे सुमारे ३३, २८० म्हणजे साडेचाळीस. पन्नासाची तूट म्हणजे ७ पीएसआय.

पंप काही किलोमीटरवर. तिथे पोचेपर्यंत टायर थोडे तापले आणि मागच्या चाकांत ३५ दिसले. हवा भरणाऱ्या मुलाने विचारलं, "काका, चाळीस करू?" मी म्हटलं, "नाही बाळा, बेचाळीस कर." घरी मोजलेली ७ची तूट ३५ मध्येच मिळवायची होती. पुढच्या चाकांना हात लावू दिला नाही.

दुपारी समृद्धीवर स्क्रीनवर मागचे आकडे ३१८ झाले. म्हणजे ४६ पीएसआय. बायको घाबरली, "अहो, फुटेल! थोडी हवा सोडा." मी थांबून तिला हिशेब सांगितला. पहाटे २८ अंश असलेली टायरमधली हवा ५८ अंशांना गेली, तर २८० चे सुमारे ३१८ होतात. तक्त्यातला आकडा थंड टायरचा असतो. ही वाढ कंपनीने आधीच धरलेली असते. तेव्हाच सोडून २८० केले असते, तर टायर थंड झाल्यावर २४६च उरले असते. एवढ्या वजनाला ते कमी. कमी हवेचा टायर कडेला जास्त वाकतो, त्या वाकण्यानेच तापतो आणि फुटण्याचा धोका तिथे असतो.

आकडा वाढल्याने मी काळजी करत नाही. चारपैकी एकच चाक इतरांपेक्षा मागे पडत चाललं, तर मात्र सावकाश बाजूला घेतो. ते पंक्चर असू शकतं.

नाशिकला सामान उतरवलं. दुसऱ्या सकाळी, टायर थंड असताना, मागची हवा पुन्हा २३० वर आणली, कारण रिकाम्या गाडीत जास्त हवेने टायर मधोमध झिजतो. तुम्हीही लांब निघण्याआधी दार उघडून तो तक्ता वाचा, आणि हवा थंड टायरवरच मोजा.