‘समाप्त करीत आहोत’

गिरगावातील एका जुन्या संस्थेच्या प्रकाशन समितीवर आम्ही तिघे मराठीचे प्राध्यापक आहोत. संस्थेच्या त्रैमासिकाचे २४ बांधीव खंड स्कॅन करून त्यांचा युनिकोड मजकूर तयार करण्याचे काम लालबागच्या एका व्यावसायिकाकडे सोपवलेले होते. काम वारंवार लांबले, आणि अखेर करार संपवण्याचे पत्र लिहिण्याची वेळ आली. ‘तुम्ही तर भाषेची माणसे, चार ओळी खरडून टाका,’ असे कार्यकारिणीतील एका ज्येष्ठांनी सांगितले. चार ओळींचे ते पत्र पूर्ण व्हायला आम्हाला जवळजवळ तीन महिने लागले. या विलंबाचे कारण भाषेतच होते, म्हणून हा प्रपंच.

करार १२ फेब्रुवारी २०२४ चा. पाने सुमारे ९,६००, दर पानाला ३० रुपये, आणि चार-चार खंडांचे सहा हप्ते. म्हणजे हप्त्याला साधारण ४८,००० रुपये. पहिला हप्ता ३० एप्रिलला यायचा तो २२ मे रोजी आला. दुसरा ३० जूनऐवजी ९ ऑगस्टला. तिसऱ्याची मुदत ३१ ऑगस्ट होती. पण ७ सप्टेंबरला गणपती बसणार होते, आणि गणेशोत्सवात लालबागमध्ये काम होत नाही हे मुंबईत कोणाला सांगावे लागते? तत्कालीन कार्यवाहांनी आधी ३० सप्टेंबर, मग १५ नोव्हेंबर अशी मुदत वाढवून दिली. त्यांची पत्रे फाइलमध्ये आहेत आणि ती वाचण्यासारखी आहेत. ‘आपल्या अडचणींची कल्पना आहे. सवडीनुसार काम पाठवावे, ही विनंती.’ सौजन्याचा हा मराठी वळसा पिढ्यान्‌पिढ्या संस्थांच्या पत्रव्यवहारात चालत आलेला आहे. तिसरा हप्ता २ डिसेंबरला आला, त्याच महिन्यात दप्तर आमच्याकडे आले, आणि चौथा हप्ता, जो ३१ ऑक्टोबरला यायचा होता, त्याचा पत्ता नव्हता.

दादरला राहणाऱ्या एका स्नेही वकिलांकडे आम्ही फाइल घेऊन गेलो. आम्ही मसुदाही नेला होता. त्यात विलंबाचा इतिहास होता, संताप होता आणि शेवटी ‘सबब करार रद्दबातल करण्यात येत आहे’ असे वाक्य होते. त्यांनी मसुदा बाजूला ठेवला आणि करारातील नववे कलम उघडले: विलंब झाल्यास दर पूर्ण आठवड्यास हप्त्याच्या एक टक्का कपात, जास्तीत जास्त दहा टक्के. ‘हे कलम असताना आज हे पत्र पाठवलेत, तर करार तुम्हीच मोडलात असे होईल,’ ते म्हणाले.

हे आम्हाला उलटे वाटले. त्यांनी मग सर्वोच्च न्यायालयाच्या १९७९ च्या एका निकालाची हकीकत सांगितली: हिंद कन्स्ट्रक्शन काँट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य. एका जलसेतूचे काम ठेकेदाराला ५ जुलै १९५५ पासून बारा महिन्यांसाठी दिलेले होते. जोराचा पाऊस, कामाच्या जागेपर्यंत धड रस्ता नाही, अशी ठेकेदाराची कारणे होती. मुदत उलटली आणि ऑगस्ट १९५६ मध्ये सरकारने करार मोडला. कंत्राटात वेळ हे कराराचे सारभूत अंग आहे असे स्पष्ट लिहिलेले होते. पण त्याच कंत्राटात मुदतवाढीची तरतूद होती आणि विलंबाच्या दर दिवसासाठी दंडही होता. न्यायालयाचे म्हणणे असे की, ही दोन कलमे त्या स्पष्ट वाक्याला निष्प्रभ करतात. उशिराची किंमत आधीच ठरवून ठेवली, याचा अर्थ उशीर झाला तरी काम घेण्याची तयारी होती. अशा वेळी काम देणाऱ्याने आधी वाजवी मुदत देऊन, ती अंतिम आहे असे कळवले पाहिजे. तशी नोटीस न देता मोडलेला करार सरकारच्या अंगावर आला.

साहित्याच्या विद्यार्थ्याला यात ओळखीचे काही सापडते. एखाद्या वाक्याचा अर्थ त्या वाक्यात नसतो, तो संपूर्ण संहितेत असतो, हे आम्ही वर्गात सांगत आलो आहोत. न्यायालयाने नेमके तेच केले होते. ‘वेळ सारभूत आहे’ हे वाक्य त्याने दंडाच्या कलमाशेजारी ठेवून वाचले, आणि ते वाक्य म्हणते त्याच्या विरुद्ध अर्थ निघाला.

तेव्हा एक नव्हे, दोन पत्रे हवी होती. त्यांतले पहिले अधिक महत्त्वाचे. त्यात संताप नको होता, तारीख हवी होती.

मात्र त्याआधी एक काम होते, आणि आमचा जीव त्यातच अडकला होता. चौथ्या हप्त्याचे चार आणि ‘एकदम नेतो, फेरा वाचेल’ म्हणून नेलेले पाचव्याचे चार, असे आठ मूळ खंड त्या व्यावसायिकाच्या गाळ्यात होते. त्यांतील काही अंकांची दुसरी प्रत आमच्या माहितीत कोठेही नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७० असे आहे की, सोपवलेल्या वस्तूवर श्रम वा कौशल्य खर्च करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. कायद्यातील उदाहरण हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचे आहे. आमच्याकडे तिसऱ्या हप्त्याचे बिल थकलेले होते. ते थकलेले असताना करार संपवला असता, तर खंड अडवण्यास निमित्त मिळाले असते. म्हणून आधी हिशेब चुकता केला. १५ नोव्हेंबर ते २ डिसेंबर हे सतरा दिवस, म्हणजे पूर्ण आठवडे दोन. कपात ९६० रुपये. बाकी ४७,०४० रुपये ८ जानेवारी २०२५ रोजी बँकेतून पाठवले. पहिल्या दोन हप्त्यांची कपात आम्ही मागितली नाही. मागता आलीही नसती: उशिरा आलेले काम स्वीकारताना भरपाईचा हक्क राखून ठेवल्याचे कळवले नसेल, तर कलम ५५ प्रमाणे ती पुढे मागता येत नाही, आणि ते दोन्ही हप्ते पोचपावतीवर नुसती सही करून घेतलेले होते. तिसरा स्वीकारताना मात्र तशी एक ओळ आम्ही लिहून दिली होती.

१० जानेवारीला पहिले पत्र गेले. चौथा हप्ता पूर्ण स्वरूपात २४ फेब्रुवारी २०२५ पर्यंत द्यावा. ही मुदत अंतिम असून या तारखेपुरती वेळ ही कराराची सारभूत अट राहील. यापूर्वी दिलेल्या सवलतींमुळे यापुढील मुदतीची अपेक्षा धरू नये. पंचेचाळीस दिवसच का? कराराच्या अकराव्या कलमात दोष दुरुस्त करण्यास किमान तीस दिवस द्यावेत असे होते, आणि डिसेंबरच्या ईमेलमध्ये त्या गृहस्थांनी स्वतःच ‘नव्वद टक्के काम झाले आहे’ असे लिहिले होते. नव्वद टक्के झालेल्या कामाच्या उरलेल्या दहा टक्क्यांना दीड महिना अपुरा आहे, असे कोण म्हणेल? मुदत वाजवी असल्याचा पुरावा शक्यतो दुसऱ्या पक्षाच्या शब्दांतच असावा, हे वकिलांचे सांगणे आम्हाला फार आवडले.

२४ तारखेला काही आले नाही. २६ ला एका खंडाच्या फाइली ईमेलने आल्या आणि पाठोपाठ फोन: ‘सर, एवढे ठेवून घ्या, बाकीचे होळीपर्यंत देतो.’ मोह झाला, हे खरे. पण तो एक खंड ठेवून घेणे म्हणजे अंतिम मुदतही अंतिम नव्हती असे आपल्या वर्तनाने सांगणे. मग पुन्हा नवी तारीख, नवे पत्र. ‘मुदतीनंतर आलेले हे काम आम्ही स्वीकारलेले नाही’ असे त्याच दिवशी उत्तर दिले.

मग दुसरे पत्र. इथे आम्हा भाषेच्या माणसांचा कस लागला, कारण मराठी कार्यालयीन गद्याची सगळी सवय या पत्राच्या विरोधात जाते. ‘करार रद्द करावा लागेल’, ‘करार रद्द करणे भाग पडत आहे’, ‘योग्य तो निर्णय घेण्यात येईल’: यांतील पहिले आणि तिसरे वाक्य भविष्याविषयी आहे, दुसऱ्यात कर्ता गायब आहे. यांपैकी कोणत्याही वाक्याने काही संपत नाही; धमकी तेवढी राहते. पत्र मिळताच करार संपला पाहिजे, तर वाक्य वर्तमानकाळी आणि कर्तरी हवे. ‘रद्दबातल’ हा आमचा लाडका शब्दही गेला. त्यातून करार मुळापासूनच नव्हता असे ध्वनित होते, आणि मग आधी स्वीकारलेल्या बारा खंडांचे व दिलेल्या पैशांचे काय, हा वाद उकरून निघतो. आम्हाला करार तिथून पुढे संपवायचा होता. शेवटी राहिले ते असे: ‘१० जानेवारी २०२५ च्या नोटिशीतील मुदतीत चौथा हप्ता मिळालेला नाही. सबब कलम ११ अन्वये हा करार हे पत्र आपणांस मिळाल्याच्या दिनांकापासून आम्ही समाप्त करीत आहोत.’ खाली मुदतींचा आणि प्रत्यक्ष तारखांचा छोटा तक्ता. आठ खंड क्रमांकांसह सात दिवसांत परत करण्याची मागणी. स्वीकृत कामाचे कोणतेही देणे बाकी नाही हे विधान. आणि भरपाईचा हक्क राखून ठेवल्याची एक ओळ. ‘बेजबाबदार’, ‘विश्वासघात’ हे शब्द पहिल्या मसुद्यात होते. विश्वासघात म्हटले की तो सिद्ध करण्याचा बोजा येतो; तारीख उलटली हे दिनदर्शिका सिद्ध करते.

पत्र ३ मार्चला गिरगाव टपाल कचेरीतून पोचपावतीसह रजिस्टर केले. (२०२५ मध्येच पुढे रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, आता हेच पत्र त्या मार्गाने पाठवावे लागेल.) करारात दिलेल्या गाळ्याच्या पत्त्यावर एक प्रत, व्यावसायिकाच्या परळच्या घरी दुसरी, शिवाय ईमेल. गाळ्याचे पाकीट ‘दरवाजा बंद’ असा शेरा घेऊन परत आले. घरचे पाकीट घेतले गेले, आणि करार ६ मार्चला संपला. परत आलेले पाकीट आम्ही न फोडता फाइलला लावले आहे. योग्य पत्त्यावर, तिकीट लावून, रजिस्टरने पाठवलेले पत्र पोचले असे कायदा गृहीत धरतो. ते पाकीट हा त्याचा पुरावा आहे.

खंड १२ मार्चला परत मिळाले. आमच्यापैकी दोघे टॅक्सी करून लालबागला गेलो आणि गाळ्याच्या पायरीवरच पाने मोजली. सोळाव्या खंडाची बांधणी स्कॅनिंगसाठी उसवलेली होती, पण पाने सर्व होती. गृहस्थ चहा घ्या म्हणाले; आम्ही घेतला. भरपाईचा दावा करायचा नाही असे कार्यकारिणीने पुढे ठरवले, कारण नव्या व्यावसायिकाचा दर पानाला ३२ रुपये आला, म्हणजे उरलेल्या बारा खंडांवर जादा खर्च साडेनऊ हजारांच्या आसपास.

नव्या करारात कपातीचे कलम ठेवले आहे, पण त्याखाली एक वाक्य जोडले आहे: कोणताही हप्ता तीस दिवसांहून अधिक लांबल्यास, कपात झालेली असो वा नसो, संस्थेस करार समाप्त करता येईल. आणि एका वेळी दोनपेक्षा अधिक मूळ खंड संस्थेबाहेर जाणार नाहीत.