पाणी २:३० वाजता सुरू होईल

आमच्या सोसायटीचे दोन ग्रुप आहेत. गप्पांचा व्हॉट्सअ‍ॅपवर, सूचनांचा टेलिग्रामवर. टेलिग्रामवाला माझ्यामुळे झाला. सेक्रेटरीकाकांची तक्रार होती की सूचना आठवडाभर आधी दिली तर लोक विसरतात, आणि आदल्या रात्री द्यायची तर ते स्वतः विसरतात. मी त्यांना पाठवायचं बटण दाबून धरून `Schedule Message` कसं करायचं ते दाखवलं. काकांना ते इतकं आवडलं की रविवारी दुपारी बसून ते अख्ख्या आठवड्याच्या सूचना लावून टाकायला लागले.

त्या रविवारी त्यांनी लावलेली सूचना अशी होती :

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की शुक्रवारी पाण्याच्या टाक्यांची सफाई असल्याने सकाळी १० ते दुपारी २:३० पाणी बंद राहील. कृपया पुरेसे पाणी भरून ठेवावे. २:३० वाजता पाणी सुरू होईल." पाठवायची वेळ, गुरुवार रात्री ८.

ही वेळ काकांनी हवेतून काढली नव्हती. आम्ही पुण्यात ज्या भागात राहतो तिथे महापालिकेचं पाणी दुपारी दीड ते चार येतं. जमिनीखालची टाकी धुवायची तर ती जवळपास रिकामी हवी, नाहीतर हजारो लिटर चांगलं पाणी गटारात सोडावं लागतं. म्हणजे पाणी यायच्या आधीचे तीन-साडेतीन तास. आधी खालची टाकी, मग गच्चीवरची. उलट केलं तर खालचा गाळ धुतलेल्या टाकीत चढतो. दीडला ताजं पाणी खाली येणार, तासाभरात पंपाने वर जाणार, अडीचला नळाला. दर वेळी हे गणित बरोबर यायचं.

मंगळवारी महापालिकेचं पत्रक आलं. पुण्यात राहणाऱ्यांना ते पाठ असतं : दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने. काकांनी मला खाली बोलावलं आणि आम्ही पंपाच्या खोलीशेजारी उभं राहून हिशोब केला. खालची टाकी ५०,००० लिटरची, वरची २५,००० ची. फ्लॅट ४८. घरटी चार माणसं आणि माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला साधारण २६,००० लिटर. बुधवारी चारला दोन्ही टाक्या भरल्या, तर शुक्रवारी सकाळी दहापर्यंत ४५,००० च्या आसपास संपणार. उरणार ३०,०००. त्यातले २५,००० वर, खाली फक्त तळाचं.

"अगं, मग सोपं आहे की," काका म्हणाले. "शुक्रवारी फक्त खालची धुऊन घेऊ. वरची भरलेली राहील, नळ बंदच करायला नकोत. वरची दुसऱ्या दिवशी."

ठरलं. आम्ही ठेकेदाराला फोन केला. रविवारी लावून ठेवलेली सूचना दोघांच्याही लक्षात राहिली नाही.

गुरुवारी रात्री आठला ती आपली आपण गेली. आठ वीसला काकांनी दुरुस्ती टाकली, पण तोवर खाली अंगठ्यांची रांग लागली होती आणि दुरुस्ती कोणी वर जाऊन वाचली नाही. लोकांनी सांगितलं तेच केलं : पिंपं, बादल्या, कुकरसुद्धा भरले. घरटी दीडशे लिटर म्हटले तरी ७,२०० लिटर. ते निदान घरातच राहिले असते. पण उद्या पाणी नाही म्हणून बऱ्याच जणांनी त्याच रात्री वॉशिंग मशीन लावलं, गॅलऱ्या धुतल्या. ते पाणी गेलंच.

सकाळी साडेसातला खालची टाकी तळाला लागली. पंप पाणी ओढतो त्या पाइपाचं तोंड तळापासून थोडं वर असतं, म्हणून एरवी गाळ खालीच बसून राहतो. पातळी त्या तोंडापर्यंत उतरली की पंप गाळही ओढतो. आठ वाजता चौथ्या मजल्यावरून तपकिरी पाण्याने भरलेल्या मगचा फोटो आला. मग ग्रुपवर दुसरं काही नव्हतंच. आता वरची टाकीही वापरता येणार नव्हती. दोन्ही आजच धुवायच्या आणि आज पाणी उशिरा.

मी ऑफिसात सर्व्हर बंद ठेवायच्या सूचना लिहिते. वेळ चुकली तर काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून मी लॅपटॉप घेऊन खालीच बसले. सफाईवाले तिघे दहाला आले. त्यांनी टाकीची दोन्ही झाकणं उघडली, एका तोंडाशी पंखा लावला, आणि बाजूला बसून राहिले. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. फोनवर "काम सुरू झालं का?" "अडीचचं काय?" चालूच होतं.

मी त्यांच्यातल्या मोठ्या माणसाला म्हटलं, "दादा, उतरताय ना? अडीचची वेळ दिलीय आम्ही."

ते म्हणाले, "ताई, वेळ तुम्ही दिली. आत मी जाणार."

मग त्यांनी शांतपणे सांगितलं. बंद टाकीत हवा साचते. प्राणवायू कमी असला तर त्याला वास नसतो, माणूस तीन पायऱ्या उतरतो आणि भोवळ येते. वरचा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. म्हणून दोन्ही तोंडं उघडी, वारा चालू, उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी, आणि वरच्याने काही झालं तरी आत उडी घ्यायची नाही, दोरी ओढायची. पंपाचा मेन स्विच बंद करून त्याला कुलूप, किल्ली त्यांच्या खिशात. शेवटी ब्लिचिंगचं पाणी भिंतींना लावलं की पुन्हा तेच. वास गेल्याशिवाय धुवायला कोणी आत जात नाही.

मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला, बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या टाकीत उतरलेले चार मजूर गुदमरून गेले. ती बातमी मी फोनवर वाचली होती आणि वर सरकवली होती.

काकांच्या गणितात पाणी यायची वेळ होती, पंपाचा तास होता. झाकण उघडं ठेवायचा तास नव्हता. माझ्याही नव्हता. आजवर दर वेळी अडीचला पाणी आलं, तेव्हा तो तास कुठून कापला गेला असेल, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, हे जास्त खरं.

काकांनी ग्रुपवर लिहिलं : "वेळ सांगता येत नाही. माणसं टाकीत आहेत. कृपया विचारू नये." मग ग्रुप बराच वेळ गप्प होता. दोन्ही टाक्या व्हायला चार वाजले, महापालिकेचं पाणी साडेपाचला बारीक धारेने आलं, नळाला यायला आठ वाजले. पहिली पाच मिनिटं ते सोडून द्यायचं, फिल्टर आणि मशीन तोवर बंद ठेवायचं, हे काकांनी वेगळं कळवलं.

आता सूचना अशी जाते, आणि ती लावून ठेवत नाही. आदल्या संध्याकाळी काका टॉर्च घेऊन टाकीत डोकावतात, महापालिकेचं पत्रक बघतात आणि मगच पाठवतात :

"उद्या सकाळी ९ पासून टाकी सफाई. पहिला तास टाकी उघडी ठेवून हवा खेळवली जाईल, त्या वेळात काम थांबलेले नाही. घरटी दोन बादल्या पुरेत. टाकीतून माणसे बाहेर आल्यावर आणि पाणी आल्यावर सूचना देऊ."

गेल्या वेळी एकाने खाली लिहिलंच, "अंदाजे किती वाजता?" काकांनी उत्तर दिलं नाही. मीही.